तिसऱ्या मेलवरचं उत्तर

मंगळवार, रात्री

सकाळी दादरच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरींची मेल आली. "ही तुमची तिसरी मेल. माझा आयडी तुम्हाला दिला कोणी? आमची एजन्सी ठरलेली आहे. पुन्हा मेल आली तर तक्रार करीन."

आम्ही इमारतींच्या अग्निशमन यंत्रणेची देखभाल करतो. यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा फॉर्म 'बी' सोसायटीला दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून घ्यावा लागतो. त्यामुळे जून आला की सगळ्याच एजन्सी सेक्रेटरींच्या मागे लागतात. हे गृहस्थ आपली नोकरी सांभाळून सोसायटीचं काम बघतात. त्यांचं चिडणं मला अगदी रास्त वाटलं.

उत्तर लिहायच्या आधी त्यांना जाणाऱ्या मेल थांबवल्या. चौथी मेल गुरुवारी आपोआप सुटणार होती. आज दिलगिरी आणि परवा पुन्हा जाहिरात, असं झालं असतं तर दिलगिरीला काय किंमत राहिली असती? नाव नुसतं पुसूनही भागत नाही, कारण कोणी नवी यादी चढवली की ते परत येतं. म्हणून ते 'संपर्क नको'च्या यादीत टाकलं. सोसायटीचा सामायिक आयडी वेगळा होता, तोही तिथेच घातला. फोन करणाऱ्या मुलांच्या शीटमधून त्यांचा मोबाइल नंबरही काढला.

मग लिहिलं: "नमस्कार. तुमचा आयडी आमच्या माणसाने सोसायटीच्या गेटवरच्या नोटीस बोर्डवरून घेतला होता. तुमचा आणि सोसायटीचा, दोन्ही आयडी आणि मोबाइल नंबर आज आमच्या यादीतून बंद केले आहेत. आमच्याकडून पुन्हा मेल किंवा फोन येणार नाही. त्रास झाला, त्याबद्दल दिलगीर आहे."

आधी शेवटचं वाक्य "त्रास झाला असल्यास" असं लिहिलं होतं. ते "असल्यास" खोडलं. झालाच होता, त्यांनी तसं लिहिलंय. त्यांनी विचारलेल्या एकाच प्रश्नाचं खरं उत्तर पहिल्या ओळीत दिलं, आणि आपल्याकडून कुठलाच प्रश्न ठेवला नाही, म्हणजे त्यांच्यावर उत्तराचं ओझं नको. खाली कंपनीचा लोगो आणि सेवांची जंत्री आपोआप चिकटते, तीही काढून फक्त नाव ठेवलं.

निव्वळ शिवीगाळ असेल, तर मी नाव बंद करते आणि उत्तर देत नाही. तिथे चांगल्या शब्दांनीही भांडण वाढतंच. यांच्या रागात मात्र प्रश्न होता.

दुपारी त्यांचं उत्तर आलं. "ठीक आहे. स्पष्ट सांगितलंत, बरं वाटलं. जुनी एजन्सी चांगली आहे, बदलायचा विचार नाही." मी "कळवल्याबद्दल आभार" एवढंच लिहिलं.

शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, "आता जरा मऊ झालेत, जानेवारीत एक मेल टाकून बघू." मी नाही म्हटलं. पुन्हा येणार नाही असं लिहून दिलंय, आणि त्यात जानेवारीही आला.