पित्त नव्हतंच ते

पहिलटकरीण, आईकडे बाळंतपणाला आलेली. पस्तिसावा आठवडा. पंधरा दिवसांपूर्वी उपकेंद्रात आली होती तेव्हा तक्रार नेहमीचीच: छातीत जळजळ, संध्याकाळी पाय सुजतात. बीपी ११२/७०. रात्री नऊला पोटभर कालवण-भाकरी खाऊन लगेच आडवी व्हायची. वाढलेलं गर्भाशय जठराला वर ढकलतं, त्यात गरोदरपणात जठराच्या तोंडाची झडप सैल पडते, मग आम्ल घशाशी येणारच. मी म्हटलं, थोडं थोडं पाच-सहा वेळा खा, रात्रीचं जेवण निजायच्या दोन-तीन तास आधी उरक, उशाला उंच कर. उताणी झोपू नको, डाव्या कुशीवर झोप आणि पायांखाली उशी घे.

परवा ती परत आली. "सिस्टर, तिचं पित्त काही जात नाही," आई म्हणाली. बाहेर पंधरा जणी बसलेल्या. खरं सांगते, गोळ्यांची पट्टी माझ्या हातात होती.

मग बांगड्या दिसल्या. डोहाळजेवणातला हिरवा चुडा मनगटात रुतला होता. पाय बहुतेक गरोदर बायांचे सुजतात, पण रात्रभर पडल्यावर सूज उतरते. हिचे सकाळीही तसेच होते, वर हात सुजलेले, पापण्या जड.

"कुठं जळतं गं?"

तिने तळवा छातीवर ठेवला नाही. उजव्या बरगडीखाली ठेवला. जळत नव्हतं, दुखत होतं. जेवणाशी संबंध नाही, बसलं तरी कमी होत नाही. यकृतावर ताण आला की तिथंच दुखतं, आणि आपल्याकडे त्याला बिनधास्त पित्त म्हणतात. डोकं दोन दिवसांपासून ठणकत होतं, पण ते "उन्हामुळे" म्हणून तिने सांगितलंच नव्हतं.

चालून आलेली होती, म्हणून पाच मिनिटं टेकून बसवलं. बीपी १५०/१००. पंधरा मिनिटांनी पुन्हा तेवढंच. लघवीच्या पट्टीवर प्रथिनं दोन प्लस. १४०/९० च्या वर गेलं की आम्ही सावध होतोच. पण सोबत डोकेदुखी आणि बरगडीखाली दुखणं असलं तर उद्यावर ढकलायचं नसतं. गरोदरपणातला हा बीपीचा आजार, प्री-एक्लॅम्पसिया, आणि त्याची पुढची पायरी झटक्यांची. डॉक्टरांना फोन केला, गाडी बोलावली. आई कुरकुरली, "पित्तासाठी एवढं?" मी वाद घातला नाही, लघवीची पट्टी दाखवली.

उपजिल्हा रुग्णालयात रक्तात प्लेटलेट कमी निघाल्या. झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियमचं इंजेक्शन, बीपीची औषधं, आणि दुसऱ्या दिवशी बाळंतपण. मुलगी, दोन किलो शंभर ग्रॅम.

बाळंत झाली म्हणजे बीपी उतरलंच असं नाही. पहिल्या आठवड्यात ते पुन्हा चढू शकतं, म्हणून ती घरी आली की मी यंत्र घेऊन जाणार आहे. आईला तोवर बजावून ठेवलंय: डोकं दुखलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, तर मला फोन. गोळी नाही.