दहा तारखेचा बाण

सातवीच्या एका गटाचे मी दोन गुण कापले आणि दोन दिवसांनी ते परत दिले. दुसऱ्या एका गटाचे सहा गुण कापले, ते अजून परत दिलेले नाहीत. द्यावेत की नाही, हे ठरत नाही म्हणून लिहायला बसले आहे.

आमची शाळा रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीकाठच्या गावात. वर्गात अडतीस मुलं, त्यातली अकरा कोकणी मुसलमान घरांतली. आषाढीच्या आठवड्यात आम्ही पालखीचा मार्ग क्रमपट्टीवर मांडला होता. आळंदी, पुणे, सासवड, जेजुरी असे एकेक मुक्काम चौकोनात आणि मध्ये बाण. ते छान जमलं म्हणून पुढच्या पंधरवड्यात हज घेतली. गावातली चार-पाच माणसं नुकतीच हज करून परतली होती. २०२५ चा अराफातचा, म्हणजे हजचा मुख्य दिवस ५ जूनला होता, त्यामुळे घराघरांत तेच बोलणं चाललेलं.

दहा कार्डं कृतींची, दहा कार्डं अर्थांची. कृती क्रमाने चिकटवायच्या आणि प्रत्येकीखाली अर्थ लावायचा. उत्तरसूची मी एका माहितीपुस्तिकेवरून केली. एहराम म्हणजे हजसाठीची व्रतस्थ अवस्था आणि तिचा वेश, काबाभोवती सात फेऱ्यांचा तवाफ, सफा आणि मरवा या टेकड्यांमधली धाव म्हणजे सई, जिल्हज या इस्लामी महिन्याच्या आठ तारखेला मिनाला मुक्काम, नऊला अराफात, रात्री मुज़दलिफाला मुक्काम. दहाला मोठ्या जमरातला, म्हणजे सैतानाचं प्रतीक असलेल्या खांबाला, सात खडे, मग कुर्बानी, मग केस उतरवणं आणि पुन्हा काबाचा तवाफ.

पहिली अडचण बाणांचीच आली. पालखीचा रस्ता पंढरपूरकडे जातो आणि तिथे संपतो. हजमध्ये माणूस काबापाशी आधीच पोचलेला असतो. तिथून तो उठून उलट बाहेर जातो, मिनाला आणि त्याहीपुढे वीसेक किलोमीटरवरच्या अराफातच्या मैदानात, आणि मग परत येतो. एका मुलाने विचारलं, "बाई, देवाच्या घरी पोचल्यावर बाहेर कशाला जायचं?" माझ्या सूचीत या प्रश्नाला जागाच नव्हती. अराफातला तर बांधलेलं असं काही बघायचं नसतं. दुपार कलल्यापासून सूर्य मावळेपर्यंत तिथे थांबायचं, दुआ करायची, माफी मागायची. पण "हज म्हणजे अराफात" असं पैगंबरांचं वचन आहे. नऊच्या दुपारपासून दहाच्या पहाटेपर्यंत घटकाभरही जो तिथे पोचला नाही, त्याची त्या वर्षीची हज झालीच नाही. बाकी बऱ्याच चुका एक बकरा देऊन भरून निघतात, ही निघत नाही. माझ्या पट्टीवर मात्र अराफातचा चौकोन मुज़दलिफाच्या चौकोनाएवढाच होता.

दोन गुण गेले ते दहा तारखेवर. एका गटाने केस कापण्याचं कार्ड कुर्बानीच्या आधी लावलं होतं. मी लाल पेनाने फुली मारली. गटातली मुलगी म्हणाली, "माझ्या दादीने असंच केलं." मी म्हटलं, "दादी विसरली असेल." हे वाक्य मला आजही टोचतं.

दोन दिवसांनी मधल्या सुट्टीत दादी स्वतःच आल्या. सोबत कापडाची छोटी थैली होती. मुज़दलिफाला अंधारात टॉर्च लावून हिच्यात खडे वेचले, म्हणाल्या. हरभऱ्यापेक्षा थोडे मोठे, एकोणपन्नास, वर चार-पाच जास्तीचे. "दहाला सात, अकराला एकवीस, बाराला एकवीस," त्यांनी बोटांच्या पेरांवर मोजून दाखवलं. अकरा आणि बाराला तिन्ही जमरातना मारायचे, आधी धाकटा, मग मधला, मग मोठा. तो क्रम हलवायचा नाही.

मग मी केसांचं विचारलं. "बाई, कुर्बानीचे पैसे आधीच भरलेले. बकरा तिकडे कापतात, आपण बघत नाही. आम्ही कोकणी शाफई. खडे मारले, एवढे केस कापले," त्यांनी बोटाचं एक पेर दाखवलं, "आणि एहराम उतरला. खोलीतल्या दोघी हनफी होत्या, त्या कुर्बानी झाल्याचा निरोप येईपर्यंत थांबल्या. त्यांचंही बरोबर, आमचंही बरोबर."

हनफी आणि शाफई या सुन्नींच्या धर्मनियमांच्या दोन परंपरा, आणि माझी पुस्तिका हनफी पद्धतीची होती. भारतातले बहुसंख्य सुन्नी हनफी, म्हणून तशाच पुस्तिका सहज मिळतात. त्यात खडे, कुर्बानी, केस हा क्रम पाळणं आवश्यक आहे आणि चुकला तर भरपाई द्यावी लागते. कोकणी मुसलमान परंपरेने शाफई. त्यांच्याकडे तोच क्रम चांगला मानतात, पण बदलला तरी दोष नाही. नंतर वाचलं की इ.स. ६३२ च्या अखेरच्या हजमध्ये लोक पैगंबरांना हेच विचारत होते. कुर्बानीआधी केस काढले, खडे मारण्याआधी कुर्बानी केली, आता काय? उत्तर प्रत्येकाला एकच होतं, आता कर, हरकत नाही. म्हणजे तेराशे वर्षांहून जुनी सवलत मी लाल पेनाने खोडली होती.

दादींनी जाता जाता आणखी एक दाखवून दिलं. एहरामच्या कार्डावर मी न शिवलेली दोन पांढरी वस्त्रं काढली होती आणि अर्थाच्या कार्डावर लिहिलं होतं, "सगळ्यांचा वेश एकच." ती वस्त्रं पुरुषांची. दादी आपल्या नेहमीच्या शिवलेल्या पोशाखातच होत्या, फक्त चेहऱ्यावर कापड टेकू द्यायचं नव्हतं.

आता माझ्या पट्टीत दोन तऱ्हेचे बाण आहेत. तारीख आणि सूर्य यांनी बांधलेले टप्पे जाड बाणांनी जोडलेत. दहा तारखेची कामं एका मोठ्या चौकटीत सुटी ठेवलीत, क्रम घरी विचारून लावायचा. कार्ड योग्य जागी आहे की नाही हे तपासताना मी मुलांना दोन शेजारची कार्डं बदलायला सांगते आणि विचारते, आता काय मोडलं? अराफात आणि मुज़दलिफा बदला, हज मोडते. केस आणि कुर्बानी बदला, कुणाचं मोडतं, कुणाचं नाही. स्टाफरूममध्ये एक सहकारी म्हणाले, "एवढं कशाला, क्रम पाठ झाला की झालं." परीक्षेसाठी होईलही. वर्गातली अकरा मुलं घरी जाऊन आपल्या आजीला चूक ठरवतील, त्याचं काय?

राहिला तो सहा गुणांचा गट. त्यांनी सगळंच उलटंपालटं केलं होतं. आधी सई, मग खडे, मग कुर्बानी, आणि तवाफ अगदी शेवटी. मी दहापैकी चार दिले. नंतर पट्टी घरी नेऊन पाहिली तेव्हा लक्षात आलं की त्यांनी अर्थांची कार्डं वाचून गोष्टीचा क्रम लावला होता. पैगंबर इब्राहीमची बायको हाजरा तान्ह्या इस्माईलसाठी पाणी शोधत दोन टेकड्यांमध्ये धावली, ते पहिलं. मुलगा चालताफिरता झाल्यावर त्याचीच कुर्बानी मागणारी इब्राहीमची परीक्षा, वाटेत अडवणारा सैतान, मग कुर्बानी. काबा बांधला तो इस्माईल बापाला हात देण्याएवढा झाल्यावर. त्यांच्या गोष्टीत कुठेच खोट नव्हती. हाजी मात्र त्या गोष्टीच्या क्रमाने चालत नाही. तो काबापासून सुरुवात करतो, मग हाजराची धाव धावतो, आणि इब्राहीमच्या परीक्षेपर्यंत पोचतो तो अराफातनंतर.

मी विचारलं होतं कृतींच्या क्रमाचं, म्हणून उत्तर चूक. पण प्रत्येक कृतीखाली अर्थ चिकटवायला लावून गोष्ट पुढे ठेवली ती मीच. पुढच्या वर्षीसाठी दोन पट्ट्या आखल्या आहेत, वर हाजीची आणि खाली गोष्टीची. मधले बाण एकमेकांना छेदत जातात. सईचा बाण खालच्या पट्टीत मागे पहिल्या घरात येतो, तवाफचा थेट शेवटच्या घरात. त्या चौघांना मी ती दाखवली. एकजण म्हणाला, "म्हणजे आमची खालची होती."

गुणपत्रकात अजून चारच आहेत.