गरम होतं, पण कुठे ते विचारा

"मॅडम, एवढ्या उकाड्यात हे सगळं घालून गरम नाही का हो होत?"

होतं. मे महिन्यात रत्नागिरीत कुणाला होत नाही? पूर्वी मी "सवय झालीय" असं म्हणून विषय मिटवायचे. त्या उत्तरात सबुरी कमी आणि तोरा जास्त होता. गरम होतं म्हटलं की पुढचं वाक्य "मग काढून टाका की" हेच येणार, हे ठाऊक असल्यामुळे मी आधीच दार लावून घ्यायचे. आज दार उघडं ठेवते, पण एका अटीवर. मी अंगभर अबाया आणि डोक्यावर हिजाब का घालते, हे विचारायचं असेल तर सरळ विचारा. उकाड्याच्या आडून नको. उकाड्याबद्दल विचारलंत, तर उकाड्याबद्दलच बोलू.

तुमचा पहिला राग काळ्या रंगावर असतो. १९८० साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत एक छोटासा अभ्यास आला होता. नेगेव्हच्या वाळवंटात काळा आणि पांढरा झगा आळीपाळीने घालून माणसाला उन्हात उभं केलं. काळा झगा जास्त तापला, पण अंगापर्यंत पोचलेली उष्णता दोन्हींत सारखीच निघाली. झगा घोळदार होता, आतली हवा खेळती होती, त्यामुळे वरची जादाची उष्णता कातडीपर्यंत यायच्या आत निघून गेली. हे कळल्यावर मी वर्षभर ज्याला त्याला ऐकवत होते. आता तितक्या जोरात ऐकवत नाही. वाळवंटात घाम वाळतो, आपल्याकडे तो अंगावर तसाच बसून राहतो. त्या अभ्यासातून मी कोकणासाठी एवढंच घेतलं, की रंगापेक्षा घेर आणि कापड बघावं.

कापडाचं म्हणाल, तर दुकानात अबाया बघायला गेलात की पहिल्यांदा समोर येतो तो नीदा. मऊ असतो, खाली सरळ सुळसुळत पडतो, चुरगळत नाही, धुतला की तासाभरात वाळतो. बायकांना तो आवडतो, त्यात नवल नाही. पण नीदा म्हणजे दाट विणीचा पॉलिएस्टर. माझी फुफू, म्हणजे आत्या, दुकानदाराचं बोलणं ऐकतच नाही. कापड ओठांशी धरून फुंकर मारते आणि पलीकडे तळहात धरते. हाताला हवा लागली नाही तर गठ्ठा परत. दुकानदार वैतागतात, पण परीक्षा खरी आहे.

आता ती गोष्ट, जिच्यामुळे हे लिहायला बसले.

शिक्षकांचं प्रशिक्षण होतं, मे महिन्यातच. हॉलला वरून पत्रा, पंखे होते पण लाइट जाऊन येऊन. मी त्या दिवशी नवा बेज रंगाचा अबाया घातला होता. बेज घेतला तो तुमच्यासारख्यांच्या सांगण्यावरूनच, "निदान फिकट रंग तरी घाला". पण फिकट नीदा उन्हात आरपार दिसतो, म्हणून त्याला आतून सॅटिनचं अस्तर लावतात. म्हणजे पॉलिएस्टरवर पॉलिएस्टर. शिवाय तो पुढून उघडा होता, त्यामुळे आत पूर्ण बाह्यांचा कुर्ता आणि सलवार हवीच. डोक्यावर आधी घट्ट टोपी, तिच्यावर जॉर्जेटचा हिजाब. जॉर्जेट घसरतो, टोपीशिवाय आणि पिनांशिवाय राहत नाही. काळा, बिनअस्तराचा, घोळदार अबाया घातला असता तर यातला निदान एक थर वाचला असता.

दुपारी जेवणाच्या आधी डोळ्यांपुढे अंधारी आली. मी भिंतीला धरून खाली बसले. शुद्ध गेली नव्हती, सगळं ऐकू येत होतं. कुणीतरी म्हणालं, "आधी ते डोक्यावरचं काढा." आणि एका बाईंनी, मनात काहीही वाईट नसताना, हनुवटीखालचा पदर धरून ओढला. पिन होती. ती गळ्याला ओरखडत गेली. टोपीसकट सगळं मागे आलं. समोर पंधरा-वीस पुरुष शिक्षक उभे होते, त्यांतल्या कितीतरी जणांबरोबर मी रोज काम करते. मी दोन्ही हात डोक्यावर ठेवले, तर बाई म्हणाल्या, "अहो, जीव महत्त्वाचा की हे?" मला पाणी हवं होतं. मला दाराशी जायचं होतं. ते सांगायला हात मोकळे नव्हते, आणि आवाज फुटत नव्हता.

आदल्याच दिवशी त्याच हॉलमध्ये आमच्यातल्या एका बाई सिंथेटिक साडीत अशाच कोसळल्या होत्या. त्यांना सरबत मिळालं. साडी सोडून द्या, असं त्यांना कुणी म्हणालं नाही.

हे सगळं मी घरी रागारागाने सांगितलं, तेव्हा फुफू आतून माझा अबाया घेऊन आली आणि अस्तराला फुंकर मारून दाखवली. बोलली काहीच नाही. मला तिचाही राग आला. ओढणाऱ्या बाई चुकल्या आणि त्या दिवशीचे कपडेही उकाड्याचे होते, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण यातली दुसरी कबूल केली की लोक पहिली विसरतात, म्हणून मी बरेच महिने दुसरी गिळून बसले होते.

आता मी रेयॉन शिवून घेते. ५८ पन्ह्याचं तीन मीटर कापड लागतं. किमोनो कटचा, समोरून बंद, बाह्या अंगातच आलेल्या, काखेत कुठे आवळत नाही. आधी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायचं, कारण रेयॉन आटतं, आणि न आटवता शिवलं तर पहिल्या धुण्यात घोटे उघडे पडतात. माझं माप ५४, म्हणजे खांद्यापासून खाली ५४ इंच. शिंपी मास्तरांना मी ५३ सांगते, एसटीच्या पायरीवर पायात येत नाही. बंद असल्यामुळे आत सलवारीवर बिनबाह्यांची सुती कुर्ती पुरते. रंग गडद निळा किंवा बाटली हिरवा, अस्तराची गरज नाही. दोष? बसून उठलं की मागे सुरकुत्यांची जाळी, आणि निळा वर्षभरात विटतो. नीदाची ती सरळ पडणारी ऐट यात नाही. लग्नाला मी अजून नीदाच घालते.

डोक्यावर मलमल. घसरत नाही, म्हणून टोपीऐवजी कपाळावर नुसती सुती पट्टी चालते. जर्सी कापडाच्या ओढणीला पिन लागत नाही हे खरं, पण ती कानाला आणि गळ्याला चिकटून बसते. आपल्या हवेत मला ती डिसेंबरातच सोसते.

एवढं करूनही मान राहतेच. हनुवटीखालून जाणारे दोन पदर, तिथे घाम साठतो, पुरळ उठतं, आणि याला कुठलंही कापड पुरं पडलेलं नाही. सैल घेतलं तर दुपारपर्यंत सुटतं, घट्ट घेतलं तर आग होते. मे महिन्यात मनात येतं ते तुम्हाला सांगितलं तर तुम्ही जिंकलो म्हणाल. नाही सांगितलं तर मी पुन्हा ती जुनी, "सवय झालीय" म्हणणारी. म्हणून अर्धंच सांगते: येतं मनात. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी मलमल इस्त्री करते. हे दोन्ही एकत्र कसं नांदतं, ते मलाही धड सांगता येत नाही.

प्रशिक्षण याही वर्षी आहे. मला कुठे चक्कर आलीच, तर पदर ओढू नका. दाराशी न्या, मनगटांवर पाणी घाला, अबाया गुडघ्यापर्यंत वर घेतला तरी चालेल, आत सलवार असते. पुरुषांना बाहेर जायला सांगा आणि मग पिन एखाद्या बाईला काढू द्या. ती डाव्या बाजूला, कानाच्या खाली असते.