तुम्ही विचारलंत म्हणून: आपल्याच रेकॉर्डिंगवर दुसऱ्याचा दावा

"ताई, तुमच्या धवलारीण आजींच्या व्हिडिओवर कॉपीराइट क्लेम आला होता ना? तो कसा काढलात? माझ्याही स्वतः शूट केलेल्या व्हिडिओवर आलाय. सरळ गाण्याचा तुकडा कापून टाकू का?"

कापू नका. व्हिडिओ डिलीट तर अजिबात करू नका. तो तुमच्या चॅनलवर ज्या तारखेला चढला, ती तारीख तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा आहे. ती कोणालाही उघडून बघता येते आणि तिच्यात तुम्हालाही फेरफार करता येत नाही.

माझं काय झालं ते सांगते. जानेवारी 2023 मध्ये मी वरळी कोळीवाड्यात एका आजींकडे धवले रेकॉर्ड केले. आमच्याकडे आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवलारीण विधींची गाणी म्हणते, ती ही गाणी. आजी खाटेवर बसून गात होत्या, हाताने मांडीवर ताल धरत होत्या आणि प्रत्येक ठोक्याला बांगड्या वाजत होत्या. मी रेकॉर्डर समोर ठेवला होता, मैत्रीण मोबाइलवर चित्रण करत होती. मार्चमध्ये व्हिडिओ यूट्यूबवर टाकला. दीड वर्षाने, सप्टेंबर 2024 मध्ये, मेल आला की त्यातल्या एक्कावन्न सेकंदांवर एका म्युझिक लेबलचा दावा आहे आणि व्हिडिओच्या जाहिरातीचे पैसे आता त्यांना जातील.

मी ते गाणं शोधून ऐकलं. कुणा डीजेने आजींचा आवाज माझ्या व्हिडिओतून उचलला होता, खाली बीट टाकला होता आणि हळदीचं रीमिक्स म्हणून जून 2024 मध्ये बाहेर आणलं होतं. मला रडूच आलं. आजींचं नाव कुठेच नव्हतं.

असं का होतं ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढचं सोपं जातं. यूट्यूबच्या Content ID व्यवस्थेत हक्कदार आपली ध्वनिफीत जमा करतो. यंत्रणा तिचा ठसा तयार करते आणि तो नव्या-जुन्या सगळ्या व्हिडिओंशी ताडून बघते. आवाज जुळला की दावा लागतो. आधी कोणाचं आणि नंतर कोणाचं, हे ती यंत्रणा बघत नाही. म्हणून चोरलेली फीत आधी जमा झाली, तर मूळ व्हिडिओच चोर ठरतो. हा दावा म्हणजे स्ट्राइक नव्हे. त्याने चॅनलला धोका नसतो, पैसे जातात किंवा व्हिडिओ अडतो, एवढंच. पुष्कळजण या दोन शब्दांत गोंधळतात आणि घाबरून व्हिडिओ उडवतात.

YouTube Studio मध्ये Content यादीत त्या व्हिडिओसमोरच्या Restrictions रकान्यात Copyright दिसतं. ते उघडलं की कोणत्या सेकंदापासून कोणत्या सेकंदापर्यंत, कोणत्या गाण्याशी आणि कोणाचा दावा, हे कळतं. दोन्ही ठिकाणी तो तुकडा कान देऊन ऐका. दावा ध्वनिमुद्रणावर आहे की नुसत्या चालीवर, हेही तिथेच समजून घ्या. मी इथेच चुकले.

मी तिसऱ्या दिवशी Dispute केलं. ही घाई योग्य होती, कारण दावा आल्यापासून पाच दिवसांच्या आत हरकत घेतली तर पहिल्या दिवसापासूनचे पैसे बाजूला राखून ठेवतात आणि निकाल लागला की ज्याचे त्याला देतात. पाच दिवस उलटले तर हरकत घेतल्याच्या दिवसापासूनचेच राखले जातात. पण कारण निवडताना मी Public domain निवडलं आणि लिहिलं की धवले पिढ्यान्‌पिढ्यांचे आहेत, त्यांच्यावर कोणाचीच मालकी नाही. मनापासून लिहिलं होतं, खरंही होतं, पण मुद्द्याला धरून नव्हतं. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात गाण्याचे शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे असतात. शब्द परंपरेचे असले तरी आज कोणीही नव्याने रेकॉर्ड केलं तर त्या रेकॉर्डिंगवर त्याचा हक्क उभा राहतो. लेबलचा दावा शब्दांवर नव्हताच, आवाजाच्या फितीवर होता. म्हणजे "हे पारंपरिक आहे" या माझ्या वाक्याने त्यांचा दावा जराही हलत नव्हता. मला म्हणायला हवं होतं, "ही फीत माझी आहे."

हरकत यूट्यूबचा माणूस तपासत नाही. ती दावेदाराकडेच जाते आणि त्याला उत्तरासाठी तीस दिवस मिळतात. तो दावा सोडू शकतो, कायम ठेवू शकतो किंवा थेट व्हिडिओ काढायची मागणी करू शकतो. काहीच केलं नाही तर दावा आपोआप गळतो. माझ्या बाबतीत बाविसाव्या दिवशी उत्तर आलं: दावा कायम. कारण दिलं नव्हतं.

मग मी पुरावे शोधायला बसले. रेकॉर्डरचं कार्ड मी पुसलेलं नव्हतं. त्यावर सत्तेचाळीस मिनिटांची एकसलग फाइल होती. त्यात आजी मध्येच पाणी मागतात, एक कडवं चुकलं म्हणून परत म्हणतात, शेजारच्या घरात कुकरची शिट्टी होते. फाइलवरची तारीख मात्र चुकीची निघाली. बॅटरी पूर्ण उतरली की माझ्या रेकॉर्डरचं घड्याळ मागे जातं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्या तारखेवर सगळी भिस्त ठेवली असती तर मी उघडी पडले असते. तशीही फाइलची तारीख कॉपी करताना बदलू शकते, म्हणून ती एकटी कधीच पुढे करू नका. मैत्रिणीच्या मोबाइलमधलं चित्रण कामी आलं. त्यात आजींचे ओठ, रेकॉर्डर आणि तोच आवाज एकत्र दिसत होता.

पण खरा पुरावा मला कानांनी सापडला. हेडफोन लावून मी डीजेचं गाणं आणि माझी फाइल आळीपाळीने ऐकली. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी आजी हलकंसं खोकतात आणि त्यामागोमाग कुकरची शिट्टी येते. डीजेच्या गाण्यात बीटखाली, अगदी पुसट, तो खोकला होता. शिट्टीसुद्धा होती, अर्धीच, जिथे त्याने तुकडा कापला तिथपर्यंत. त्याने स्वतः रेकॉर्ड केलं असतं तर वरळीतल्या त्या घराशेजारचा तो कुकर त्याच्या गाण्यात कुठून आला असता?

हरकत घेऊनही दावा कायम राहिला, तर पुढची पायरी म्हणजे अपील. तेही दावेदाराकडेच जातं, पण इथे फरक पडतो. त्याला सातच दिवस मिळतात आणि नुसतं "दावा कायम" म्हणून भागत नाही. दावा सोडावा तरी लागतो किंवा व्हिडिओ काढण्याची कायदेशीर मागणी तरी करावी लागते. तशी मागणी मान्य झाली तर तुम्हाला स्ट्राइक लागतो आणि नव्वद दिवसांत तीन स्ट्राइक म्हणजे चॅनल बंद. म्हणून अपील करण्याआधी रात्रभर स्वतःलाच विचारा की यातला प्रत्येक आवाज खरंच आपला आहे का. मागे टीव्ही चालू होता, रिक्षात गाणं लागलं होतं, चाल एखाद्या संगीतकाराची होती, तर "व्हिडिओ मी शूट केला" एवढ्याने तो आवाज तुमचा होत नाही. मी आजींच्या मुलीला पुन्हा विचारून घेतलं की हे धवले त्यांना कुठून मिळाले. आजींच्या आईकडून, असं उत्तर आलं.

फॉर्ममध्ये फाइल जोडता येत नव्हती, नुसती लिहायची चौकट होती. म्हणून पुरावा शब्दांत आणि सेकंदांत मांडला. इंग्रजीत लिहिलं, आशय हा: "हे ध्वनिमुद्रण मी जानेवारी 2023 मध्ये मुंबईत केलं. माझा व्हिडिओ मार्च 2023 पासून याच चॅनलवर आहे. तुमचं गाणं जून 2024 चं आहे. माझ्या व्हिडिओत 4:58 ला गायिकेचा खोकला आणि लगेच कुकरची शिट्टी ऐकू येते. तुमच्या गाण्यात 1:37 ला तोच खोकला आणि तीच शिट्टी आहे. माझ्याकडे 47 मिनिटांची मूळ फाइल, चित्रण आणि गायिकेची लेखी संमती आहे. मागाल तेव्हा दाखवीन." राग, कष्ट, संस्कृती, यातलं काही लिहिलं नाही. समोरच्या टेबलावर बसलेल्या माणसाला दोन मिनिटांत दोन्ही ठिकाणी जाऊन ऐकता यावं, एवढंच बघितलं.

संमतीचा कागद ही नुसती औपचारिकता समजू नका. रेकॉर्डिंग ज्याने पुढाकार घेऊन केलं त्याचं, पण गाणाऱ्याचाही आपल्या सादरीकरणावर वेगळा हक्क असतो, तो याच कायद्यात कलम 38 मध्ये आहे. आजींनी सही केली नसती, तर त्यांच्या आवाजाबद्दल मी अधिकाराने बोलू शकले नसते. नोंदणीचं प्रमाणपत्र मात्र माझ्याकडे नव्हतं आणि ते लागलंही नाही. कॉपीराइट नोंदणीशिवायही मिळतो.

त्याच दिवशी हाच मजकूर मी त्या गाण्याच्या डिजिटल वितरकालाही मेलने पाठवला. लहान लेबलं बहुतेक स्वतः Content ID मध्ये जात नाहीत, वितरकाच्या खात्यातून जातात, आणि दुसऱ्याचा आवाज तिथे चढला तर आपलं खातं अडचणीत येईल याची काळजी वितरकाला असते. पाचव्या दिवशी दावा सुटला. राखून ठेवलेले पैसे माझ्याकडे आले, फार नव्हते, आणि ते मी आजींना दिले.

समजा त्यांनी व्हिडिओ काढायची मागणी केली असती, तर पुढची पायरी म्हणजे प्रतिसूचना, व्हिडिओ परत लावा अशी आपली कायदेशीर मागणी. तिच्यात आपलं खरं नाव-पत्ता द्यावा लागतो, तो समोरच्याकडे जातो, आणि खोटं लिहिल्यास कायद्याने जबाबदार राहू असं मान्य करावं लागतं. अमेरिकेतल्या कोर्टाच्या अधिकारक्षेत्रालाही मान्यता द्यावी लागते. त्यानंतर दावेदाराने दहा कामकाजाच्या दिवसांत कोर्टात गेल्याचा पुरावा दिला नाही, तर व्हिडिओ परत येतो. त्या पायरीला मात्र मी वकिलाला विचारल्याशिवाय हात लावला नसता.

दावा सुटल्यावर मी कोळीवाड्यात गेले आणि आजींना डीजेचं गाणं ऐकवलं. बीट सुरू झाला तेव्हा त्यांना काहीच कळलं नाही. मग खोकला आला आणि त्या एकदम म्हणाल्या, "यो त माजाच आवाज हाय!" त्यांनी ते तीनदा वाजवायला लावलं. रीमिक्स अजून फिरतंय. ते उतरवायला सांगायचं की नाही, हे आजींनी ठरवायचं आहे, आणि त्यांनी अजून ठरवलेलं नाही.

आता रेकॉर्डर सुरू केला की मी आधी मोठ्याने तारीख, जागा आणि गाणारीचं नाव म्हणते. मग तिला विचारते, "गाऊ या?" तिचं "हो"सुद्धा त्याच फाइलमध्ये येतं.