मृगातला फोटो आणि आषाढातलं लोणचं

गेल्या महिन्यात विक्रोळीला कन्नमवार नगरात एका बचत गटासमोर बोलायला गेले होते, विषय दिलेला "घरगुती लोणची आणि फराळ ऑनलाइन विकताना फोटो कसे काढावेत आणि माहिती कशी लिहावी", वेळ पाऊण तास. त्यातला अर्धा तास शाल, नारळ आणि सत्कारात गेला. बायका घरची कामं टाकून आलेल्या असतात, कुणाला चारला नळाचं पाणी भरायचं असतं, अशा वेळी पाहुण्यांच्या सत्कारात त्यांचा वेळ घालवणं मला अजिबात पटत नाही आणि मी ते तिथे बोलून पण दाखवलं. पण लिहायला बसले ते त्यासाठी नाही. एका काकूंच्या लोणच्याचा विषय अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय.

माझं काम दादरला एका स्टुडिओत कॅटलॉग फोटोंचं. दिवसभर डबे, कुकर, नाइटी, मसाल्याची पाकिटं. त्यामुळे मी तयारी पण तशीच करून गेले होते, चौकोनी फोटो, पांढरं बॅकग्राउंड, वस्तूने फ्रेम भरली पाहिजे, फोटोवर अक्षरं नकोत वगैरे. मोठ्या साइटना पहिला फोटो तसाच लागतो. दहा मिनिटं झाली असतील तेवढ्यात मागच्या रांगेतून एक सून उठली आणि म्हणाली मॅडम, आमच्या सासूबाईंच्या लोणच्याचं आधी बघा ना, त्या स्वतः बोलणार नाहीत.

सासूबाई म्हणजे साठीच्या काकू, मांडीवर पिशवी, पिशवीत काचेची बरणी. दर वर्षी मृगाच्या आसपास वीस-पंचवीस किलो कैरीचं लोणचं घालतात, सगळं चाळीत आणि ओळखीत संपतं. यंदा सुनेने ऑनलाइन टाकलं. फोटो लोणचं घातलं त्याच दिवशीचा, परातीत पिवळ्याधमक फोडी, साल अजून हिरवीगार, वर मोहरीची डाळ आणि हळद उठून दिसतेय. छान फोटो. ऑर्डरी आल्या, आणि जुलैत एका गिऱ्हाइकाने लिहिलं, "फोटोत पिवळं दाखवलंय, आलं ते काळं. जुना माल पाठवलाय." दोन स्टार, पैसे परत. काकूंनी ते सुनेकडून वाचून घेतलं आणि त्यानंतर आठ दिवस बरणीला हात लावला नाही म्हणे.

मी सुनेला म्हटलं आत्ता काढ बरं याचा फोटो, जसा घरी काढतेस तसा. तिने पांढऱ्या ताटलीत चमचाभर लोणचं काढलं, डोक्यावर ट्यूबलाइट, मोबाइलचा फ्लॅश चालू. फोटो खरंच काळा आला, फोडी म्हणजे कोळशाचे तुकडे आणि तेलावर फ्लॅशचा पांढरा ठिपका. पण ताटलीत समोर बघितलं तर लोणचं काळं नव्हतंच, गडद तांबूस होतं.

इथे मी पाटी पुसून सुरुवात केली आणि मला वाटतं त्या दिवशी कामाचं मी एवढंच सांगितलं. मोबाइलचा कॅमेरा समोरचं सगळं मिळून मध्यम उजेडाचं करायला बघतो. फ्रेममध्ये पांढरी ताटली, पांढरा टेबलक्लॉथ आला की त्याला वाटतं उजेड फार झाला आणि तो सगळंच दबवतो, ताटली करडी होते आणि आधीच गडद असलेलं लोणचं काळं होतं. ओळखायचं कसं, तर लोणच्याशेजारी वहीचा कोरा कागद ठेवून फोटो काढायचा. फोटोत कागद करडा दिसला तर उजेड कमी पडलाय, आणि कागद पिवळट किंवा हिरवट दिसला तर दिव्याचा रंग लोणच्यावर चढलाय. कागद कागदासारखा दिसेपर्यंत लोणच्याचा रंग खरा आहे असं समजायचं नाही.

मग ट्यूब बंद केल्या. बायका म्हणाल्या अंधार होईल, पाऊस चालूय. पण पावसाळी ढगाचा उजेड खाण्याच्या फोटोला सगळ्यात चांगला, स्टुडिओत आम्ही हजारो रुपयांचे सॉफ्टबॉक्स लावून तोच उजेड तयार करत असतो. टेबल खिडकीपाशी ओढलं, ताटली अशी ठेवली की खिडकी लोणच्याच्या मागे आणि थोडी डाव्या हाताला येईल. मागून उजेड आला की तेल चमकतं आणि फोडीच्या कडेतून थोडा आरपार दिसतो, समोरून आला की सगळं सपाट. उजवीकडे थर्माकोलचा तुकडा उभा धरला, एका मुलीनेच धरला, म्हणजे सावलीच्या बाजूला उजेड परत फेकला जातो. स्क्रीनवर फोडीवर बोट ठेवलं, बाजूला सूर्याचं चिन्ह येतं ते थोडं वर सरकवलं, कागद पांढरा झाला तिथे थांबले. फोडी उलटून चिरलेली बाजू वर केली, कारण सालीची बाजू सगळ्यात गडद असते. फिल्टर नाही. फिल्टर लावला की हळद नारिंगी होते आणि मग परत तेच, फोटोत एक आणि बरणीत एक.

फोटो आला तेव्हा काकू पहिल्यांदा बोलल्या. "हां. हा माझ्या लोणच्याचा रंग."

म्हणजे निम्मा काळेपणा कॅमेऱ्याचा होता, तो गेला. उरलेला निम्मा मात्र लोणच्याचाच होता आणि खरी गोष्ट तिथून पुढे. घातल्या दिवशीचं लोणचं आणि दीड महिन्याचं लोणचं हे दोन वेगळे पदार्थ दिसतात. कैरीतला हिरवा रंग आंबटपणामुळे हळूहळू शेवाळी, मग तपकिरी होतो. तिखटाचा लाल रंग तेलात उतरतो आणि सगळीकडे पसरतो, हळद त्याखाली दबते. फोडी मऊ होतात, मसाला फुगून त्यांना धरतो. लोणचं मुरलं म्हणतो ते हेच, आणि गिऱ्हाइकाच्या हातात पडतं ते हे मुरलेलं. फोटो मात्र सगळ्याजणी घातल्या दिवशीच काढतात, कारण त्या दिवशी सगळं पसरलेलं असतं, हात रिकामे होतात आणि दिसतं पण सुंदर.

मी म्हटलं पहिला फोटो मुरलेल्याचा टाका. तर गटातल्या दोघी-तिघी लगेच विरोधात, "ताई सगळे पिवळंच टाकतात, काळं कोण घेईल?" त्यांचं चूक नव्हतं. काकूंच्या चाळीतल्या बायका बरणी उघडून वास घेतात, फोड दाबून बघतात, त्यांना गडद रंग म्हणजे मुरलंय हे माहितीये. फोटो बघणाऱ्याला वास नाही. त्याच्या मनात गडद म्हणजे जुनं, आणि जुनं म्हणजे खराब.

म्हणून आम्ही तिथेच दुसरा फोटो काढला, बरणीच्या गळ्याचा. खराब लोणचं कसं असतं हे त्या बायकांना मी काय सांगणार, फोडी तेलाच्या वर उघड्या राहिल्या की बुरा धरतो, वास कुबट येतो. तर मग फोडी तेलात पूर्ण बुडलेल्या आहेत हेच दाखवायचं. बरणी बाहेरून कोरडी पुसली, मोबाइल तेलाच्या रेषेच्या उंचीवर आणला आणि काचेवर खिडकीचं जे पांढरं प्रतिबिंब पडतं ते बरणी थोडी सरकवून कडेला नेलं. ते मधोमध असलं की तेलाची रेषा दिसतच नाही. पाच-सहा वेळा काढावा लागला पण शेवटी फोडींवर बोटभर तेल स्वच्छ दिसलं. माझ्या लाइनमध्ये तेल चकचकीत दिसावं म्हणून वरून ग्लिसरीन मारणारे लोक आहेत. खायच्या आणि विकायच्या बरणीचा फोटो काढताना असलं काही करू नये, मला त्याचा मनापासून राग येतो.

तिसरा फोटो लेबलचा. त्यावर एफएसएसएआयचा 14 आकडी नंबर होता, तारीख होती, घटकांमध्ये "हिंग" एवढंच लिहिलेलं. मी काकूंना डबी कुठली विचारली, सुनेने घरून डबीचा फोटो मागवला, त्यावर गव्हाचं पीठ लिहिलेलं. बाजारचा बांधानी हिंग बहुतेक वेळा पिठात बांधलेला असतो, आणि गहू चालत नाही अशा माणसाला लोणच्यात गहू असेल हे सुचणारच नाही. लेबलवर ते लिहायलाच हवं. काकू एकदम गप्प झाल्या, म्हणाल्या चाळीस वर्षं घालतेय, डबीची मागची बाजू कधी वाचली नाही.

बाकीच्यांचं धावतपळत झालं. एकीने चिवडा आणि लोणचं दोन्ही "500 ची बरणी" म्हणून टाकलेलं, तिथेच काट्यावर ठेवलं तर लोणचं पाचशे ग्रॅमच्या आसपास भरलं आणि पोह्यांचा चिवडा जेमतेम सव्वाशे. 500 हा आकडा बरणीचा होता, मिलीलिटरमध्ये. तिला लोक वजनात मारते म्हणत होते आणि तिला कळतच नव्हतं का म्हणतात.

निघताना काकूंच्या लिस्टिंगचं आम्ही असं ठरवलं की पहिला फोटो मुरलेल्याचा, मग तेलाचा, मग लेबल, आणि शेवटी तो पिवळा फोटो पण ठेवायचा, त्याखाली "घातल्या दिवशी". वर्णनात पहिलीच ओळ काकूंनी सांगितली तशी सुनेने टाइप केली, "मृगाला घातलेलं, आता मुरलेलं, म्हणून रंग गडद आहे."

पंधरा दिवसांनी सुनेचा फोन आला. तक्रार एकही नाही. पण आधी आठवड्याला पाच-सहा ऑर्डरी यायच्या त्या दोन-तीनवर आल्यात, आणि गटातल्या त्याच बायका म्हणतायत बघा, आम्ही सांगत होतो. तिने मला विचारलं की पिवळा फोटो परत पहिला करू का, खाली लिहू ना की मुरल्यावर गडद होतो. मला पटकन हो पण म्हणता आलं नाही आणि नाही पण. खालचं कोण वाचतं हे मला रोजच्या कामातून माहितीये. आणि महिन्याला दहा-बारा बरण्या कमी म्हणजे त्या घरात किती पैसे कमी तेही कळतं, ते नुकसान माझ्या सांगण्यावरून झालंय.

मी म्हटलं सासूबाईंना विचार. मागून काकूंचाच आवाज आला, "राहू दे गं आहे तो. पाठवते तेच दिसू दे." मग त्यांनी फोन घेतला आणि मला विचारलं की पुढच्या मृगाला येशील का, घातल्या दिवसापासून दर आठवड्याला त्याच खिडकीत त्याच ताटलीत एकेक फोटो काढू, म्हणजे रंग कसा चढत जातो ते सगळं ओळीने दिसेल. मी हो म्हटलंय. ताटली पांढरी नको, करडी आणते म्हटलं.