दोन दिवस, अकरा सीन आणि दोनला निघणारे बाबा

शनिवार-रविवारच्या शूटचं शेड्यूल मी चार वेळा लावलं. त्यातल्या तीन वेळा कारण एकच: बाबांची भूमिका करणारे नट. तारीख विचारली की उत्तर ठरलेलं, ‘बघतो, सांगतो’. दहा दिवस मी त्या ‘सांगतो’वर काढले.

एरवी काम सोपं होतं. प्रत्येक सीनची एक चिठ्ठी केली. तीवर जागा, दिवस की रात्र, कोण कोण आहे आणि किती पानं एवढंच लिहिलं. पान आठ भागांत मोजायचं, म्हणजे अर्ध्या पानाचा सीन ४/८. मग जागेप्रमाणे गठ्ठे केले: घर, जिना, गच्ची. सामान हलवण्यात तास-दीड तास जातो, म्हणून एका जागी परत जायचं नाही असं ठरवलं होतं.

शेवटी बाबांचं उत्तर आलं: फक्त शनिवार, सकाळी आठ ते दोन. आणि त्यांचा सगळ्यात मोठा सीन, नववा, संध्याकाळी गच्चीवर!

चिडचिड झाली, पण चिठ्ठी हातात घेऊन नीट वाचलं. बापलेकीच्या त्या भांडणात गच्चीचं काहीच काम नव्हतं. सीन घरात आणला आणि रात्रीचा केला. खिडक्यांवर बाहेरून काळं कापड लावलं, कापड आणि काच यांच्यात थोडी जागा सोडून एक छोटा दिवा ठेवला. नाहीतर खिडकी नुसती काळी भिंत दिसते.

तरी हिशेब बसेना. बाबांचे तीन सीन मिळून सव्वातीन पानं. दिवे-मेकअपचा तास गेला की हातात पाच तास. आमचा वेग तासाला अर्ध्या पानाचा, म्हणजे जेमतेम अडीच पानं. मग प्रत्येक सीनमधले बाबा दिसतात तेवढेच शॉट आधी घेतले. मुलीचे क्लोजअप मागे ठेवले. त्या वेळी बाबांचे संवाद कॅमेऱ्याशेजारून मी वाचले. (भयाण वाचले, पण आवाज नंतर बदलतोच.) नजर चुकू नये म्हणून बाबांच्या डोळ्यांच्या उंचीला स्टँडवर टेप लावून ठेवली होती.

क्रम मात्र मुलीच्या कपाळावरच्या पट्टीने ठरवला. ती सातव्या सीनपासून येते. म्हणून बाबांचे दुसरा आणि सहावा आधी, मग पट्टी लावून नववा. जेवण दोनला, ते निघाल्यावर. त्यानंतर नवव्याचे क्लोजअप, सातवा आणि आठवा, पट्टी न काढता. दुसऱ्या-सहाव्याचे क्लोजअप रविवारी सकाळी त्याच वेळी घेतले, त्यामुळे खिडकीतला उजेडही जुळला.

आणि हो, नटांच्या वेळा चिठ्ठ्या कापण्याआधी विचारा. मी नंतर विचारल्या.

शनिवारी एक पन्नासला बाबांचा शेवटचा शॉट झाला. ते म्हणाले, ‘अजून अर्धा तास थांबू शकतो की.’