तुम्ही विचारलंत म्हणून: यमक गेलं कुठे?

"मराठीत इतकं छान यमक असतं, मग कवितेचं इंग्रजी भाषांतर करताना ते का सोडून देता? जमत नाही म्हणून का?"

कधी कधी जमत नाही म्हणून, हो. पण बऱ्याचदा जमतं आणि तरी सोडावं लागतं, आणि ते जास्त त्रासाचं असतं, कारण जमलेलं यमक कागदावर समोर दिसत असतं आणि आपणच ते खोडत असतो. थिअरी सांगत बसण्यापेक्षा एक चार ओळींची कविता सांगते, तिच्यावर माझे जवळजवळ तीन आठवडे गेले. एका इंग्रजी मासिकासाठी करायची होती. कवयित्री माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठ्या, मी त्यांना काकू म्हणते, नाव लिहू नकोस म्हणाल्यात म्हणून लिहीत नाही.

चाळीस वर्षं सरली
आता कुठलं माहेर
वहिनी म्हणे, या आत
का उभ्या अशा बाहेर

एवढीच. प्रत्येक ओळीत आठ अक्षरं, दुसऱ्या आणि चौथ्या ओळीत यमक. पहिल्यांदा वाचली तेव्हा मला वाटलं दुपारभरात होईल.

आता मराठीत यमक म्हणजे काही सोन्याची खाण नाही हे आधी मान्य करूया. आपली क्रियापदं वाक्याच्या शेवटी येतात आणि लिंगवचनाप्रमाणे शेपूट बदलतात, त्यामुळे आली, गेली, झाली, न्हाली ही यमकं व्याकरणच आयती हातात देतं, लहान मूलही बोलता बोलता करतं. अशी यमकं मी इंग्रजीत बिनदिक्कत सोडते, कारण ती मराठी कानालाही फार जाणवत नाहीत, तबल्याच्या ठेक्यासारखी मागे वाजत असतात. इंग्रजीत शब्दांना अशी जुळणारी शेपटं नाहीत. लव्ह या शब्दाला जुळणारे म्हणून हाताशी काय, अबव्ह, डव्ह, ग्लव्ह आणि शव्ह, म्हणजे प्रेमकविता लिहायची तर कबुतर नाहीतर हातमोजा आणायलाच हवा. त्यामुळे तिथे पूर्ण यमक आलं की ते ठणकन वाजतं, आणि चारच छोट्या ओळी असतील तर कविता थेट वाढदिवसाच्या कार्डावर जाऊन बसते.

म्हणून मी आधी बघते की हे यमक नुसतं वाजतंय की काही काम करतंय. माहेर आणि बाहेर. इथे यमक काढलं तर कविताच उरत नाही! माहेर हा शब्द मातृगृहावरून आलाय, बाहेर हा संस्कृत बहिस् वरून, म्हणजे एकाच्या शेपटात घर आहे आणि दुसऱ्यात घराच्या पलीकडचं सगळं, आणि भाषेच्या घासाघाशीत दोघांचा शेवट सारखाच झाला. काकूंनी फक्त ते दोन शब्द समोरासमोर उभे केले. माहेर आता बाहेर झालं असं त्या कुठेही म्हणत नाहीत, यमक म्हणतं.

तर पहिला ड्राफ्ट अर्थात यमकातच केला. "फॉर्टी इयर्स हॅव कम अँड गॉन, व्हॉट होम इज लेफ्ट टु कॉल माय ओन? माय ब्रदर्स वाइफ सेज, डू कम इन, व्हाय स्टँड आउट देअर अलोन?" ओन आणि अलोन. मला फार आवडला, दोन दिवस मी स्वतःवर खूश होते. मग काकूंना फोनवर वाचून दाखवला, त्यांचं इंग्रजी चांगलं आहे, शाळेत शिकवायच्या. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "अगं, अलोन कुठून आणलंस? आणि वहिनी चांगली आहे गं माझी, तिला व्हिलन नको करूस."

तेव्हा लक्षात आलं. अलोन मूळ कवितेत नाहीच, ओनला जोडीदार हवा म्हणून तो आला, आणि आला तो नेमका शेवटच्या शब्दाच्या जागी येऊन बसला, जिथे सगळा जोर पडतो. मूळ कवितेत बाई रडत नाही, एकटेपणाची तक्रार करत नाही, तिला फक्त एक बारीकशी गोष्ट टोचलीय. आणि वहिनी तर रीतच पाळतेय. ती वयाने लहान असणार, मोठ्या नणंदेला वन्सं म्हणणारी, अहोजाहो करणारी, म्हणून "या आत". त्या "या"मध्ये मान आहे आणि त्या मानानेच बाई पाहुणी झाली. अलोन म्हटलं की हा सगळा नाजूकपणा गेला, उरली सासुरवाशिणीची करुण कहाणी. तेव्हापासून यमकातला ड्राफ्ट झाला की मी ओळींच्या शेवटचे शब्द नुसते उभे वाचते आणि प्रत्येकाला विचारते, बाबा रे, तू मूळ कवितेतला की यमकाच्या वऱ्हाडातून आलेला? अर्थ बिघडतो तो बहुतेक वेळा तिथेच.

मग दुसऱ्या टोकाला गेले. यमक नाही, काही नाही, सरळ अर्थ. चाळीस वर्षं झाली, आता आईचं घर कसलं, भावाची बायको म्हणते आत या, बाहेर का उभ्या. शब्द न् शब्द बरोबर आणि कविता ठार मेलेली. संपादकबाईंनी प्रेमाने लिहिलं की हा छान किस्सा आहे. बरोबरच होतं त्यांचं, अर्थ म्हणून मी जे राखलं होतं ती फक्त घटना होती.

मधे एक मोर-डोरवालं व्हर्जन पण झालं, होम नो मोर, स्टँड ॲट द डोर, ते चर्चमधल्या प्रार्थनेसारखं वाजायला लागलं म्हणून त्याच दिवशी फाडलं.

एक मात्र फार मोहात पाडणारं होतं. माहेर हा शब्द तसाच ठेवायचा, रोमनमध्ये, आणि शेवटी देअर आणायचं. व्हॉट माहेर, स्टँडिंग देअर. यमक पण जुळतं, शब्द पण वाचतो, अजून काय हवं? पण मासिकाचा नियम होता की कवितेखाली टीप छापणार नाही, आणि टिपेशिवाय माहेर म्हणजे काय हे बाहेरच्या वाचकाला कळायचं कसं. वर त्या स्पेलिंगचं एक आडनाव अमेरिकेत आहे आणि तिथे त्याचा उच्चार चक्क "मार" असा करतात, म्हणजे ज्या यमकासाठी एवढा आटापिटा केला ते वाचणाऱ्याच्या तोंडात जुळणारच नाही. नाइलाजाने सोडलं.

वाट सापडली ती डिक्शनरीत नाही, भांडी घासताना. मी उगाच मदर्स हाउस, मदर्स हाउस असं पुटपुटत होते, कारण संपादकबाईंचा आग्रह होम या शब्दाचा होता आणि मला ते पटत नव्हतं. होम गोड आहे, ऊबदार आहे, पण माहेर म्हणजे अक्षरशः आईचं घर, मदर्स हाउसच. आणि पुटपुटता पुटपुटता हाउसमधला "आउ" ऐकू आला. आउट! घराच्या शब्दातच बाहेरचा आवाज आहे की. पूर्ण यमक नाही, पण स्वर तोच, आणि नाऊमध्येही तोच. इंग्रजी वाचकाला असा अर्धा जुळणारा आवाज चालतो, तो ठणकत नाही, कानाच्या कडेला लागून जातो. हात तसेच साबणाचे ठेवून फ्रिजवरच्या कागदावर लिहून ठेवलं.

फॉर्टी इयर्स नाऊ.
व्हॉट मदर्स हाउस?
प्लीज, सेज माय ब्रदर्स वाइफ, कम इन.
व्हाय स्टे आउट?

वहिनीला सिस्टर-इन-लॉ म्हटलं नाही, कारण त्यात नणंद, वहिनी, जाऊ, मेव्हणी सगळ्याच कोंबलेल्या असतात आणि इथे कोण कुणाला आत बोलावतंय हाच तर मुद्दा आहे. ब्रदर्स वाइफ म्हटल्यावर मदर्स आणि ब्रदर्स ही जोडी फुकटात मिळाली, शिवाय घर आईकडून भावाकडे गेलं हेही न सांगता आलं. इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच, म्हणून "या"चं काम प्लीजवर टाकलं. आपल्या घरच्या माणसाला आपण प्लीज कम इन म्हणत नाही, पाहुण्याला म्हणतो. बरोब्बर तेवढाच परकेपणा हवा होता, त्याहून जास्त नको. "आता कुठलं माहेर" हा प्रश्नही प्रश्नच ठेवला, मोर-डोरवाल्या व्हर्जनमध्ये मी त्याचं उत्तर देऊन टाकलं होतं.

गेलं काय, तर आठ अक्षरांची चाल गेली. ओळी तुटक झाल्या, मराठीत त्या गुणगुणता येतात, इंग्रजीत नाही येत. दुसऱ्या ओळीतला "आता" आणि तिसरीतला "आत" यांचा लपलेला खेळ तर मलाच फार उशिरा दिसला आणि त्याचं मी काहीच करू शकले नाही. आणि "उभ्या" हा शब्द गेला. स्टँडिंग आउट लिहून बघितलं होतं, आवाज अगदी हवा तसा, पण इंग्रजीत त्याचा अर्थ उठून दिसणं असा होतो, म्हणजे वहिनी विचारतेय की तुम्ही एवढ्या उठून का दिसताय, झालंच मग. म्हणून स्टे.

संपादकबाईंकडे एक हट्ट मात्र धरला, शेजारी मूळ कविता देवनागरीत छापा. ज्याला लिपी येत नाही त्यालाही दुसऱ्या आणि चौथ्या ओळीचा शेवट सारखा दिसतो, हेर आणि हेर, तेवढं तरी यमक डोळ्यांना पोचू दे. त्या कबूल झाल्या, जागा होती म्हणून.

अंक आल्यावर काकूंना कुरियर केला. दोन दिवसांनी फोन. "वहिनीला वाचून दाखवलं मराठीत समजावून, ती हसली. पण काय गं, मी दारात उभी होते ते कुठे गेलं?"

मी म्हटलं काकू, ते नाही बसलं.

"हं," म्हणाल्या. "पिशव्या होत्या दोन्ही हातांत. चांगली पाच मिनिटं उभी होते."

पिशव्यांचं मला आधी कधी बोलल्याच नव्हत्या.